शेवटच्या ओळीची शुश्रूषा

मंगळवार, ४ मार्च

भाषाद्वयसाम्राज्ञी, परलिपिगहनवनविहारिणी, अल्पविरामसंरक्षणधुरंधर, चौकटीकंसभूषित, अनुमानकुलोच्छेदक, न्यायालयमान्यमुद्राधारिणी, आमच्या एकमेव ज्येष्ठ भगिनी यांच्या चरणी, जीर्णग्रंथसंजीवक, डिंकलिप्तहस्त, जुन्या पुस्तकांच्या दीड खोलीच्या दुकानाचा सार्वभौम अधिपती जो आपला कनिष्ठ बंधू, त्याचे सविनय दंडवत. विज्ञापना अशी की,

हे पत्र पाहून आपण प्रथम पाकीट उलटून पत्ता बरोबर आहे की नाही हे तपासाल. बरोबर आहे. आपल्या पुस्तकाच्या छपाईच्या वेळी जे घडले, त्यानंतर आपण माझ्याशी बोलणे थांबवलेत. त्या विषयावर माझे मत बदललेले नाही, आपलेही बदलले नसावे. सारांश, विषय दोन्ही बाजूंनी सुस्थितीत आहे आणि त्याला आज हलवण्याचे प्रयोजन नाही.

प्रयोजन निराळे आहे. माझी कन्या आता दहा वर्षांची आहे. तिला घरात फौजदार म्हणतात, कारण ती विचारत नाही, तपास करते. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात बसून जुन्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसते. मागील रविवारी शंखशिंपल्यांवरील एका जाडजूड ग्रंथातून तिच्या मांडीवर एक पोस्टकार्ड पडले. एका बाजूला पुलाचे चित्र, दुसऱ्या बाजूला फिकट तपकिरी अक्षरांत मजकूर. पुढील संभाषण जसेच्या तसे देतो.

"बाबा, हे कुणाचं?"

"ज्याचं होतं तो आता मागायला यायचा नाही."

"पण काय लिहिलंय?"

"खुशाली असेल. कार्डावर लोक दुसरं काय लिहितात."

"तुला वाचता येतंय का?"

"नाही."

"मग खुशाली कशावरून?"

यावर मी डिंकाची बाटली ढवळली. फौजदार उठली, आमच्या घरच्या फळीवर असलेले आपले अनुवादित पुस्तक आठवून म्हणाली, "आत्याच्या पुस्तकात मागे मूळ भाषेतलं एक पान छापलंय. तीच अक्षरं आहेत ही." घरी जाऊन तिने पडताळून पाहिले. तीच होती.

शेवटची ओळ इतरांहून अधिक पुसट. ओळीच्या टोकाला प्रश्नचिन्हासारखी एक आकृती आहे. त्यावरून निष्कर्ष असा, की कुणीतरी कुणाला काहीतरी विचारले, कार्ड पुस्तकात गेले, आणि उत्तर राहून गेले. उत्तर आता ती स्वतः देणार आहे. मी म्हटले, कार्ड माझ्याहून वयस्कर असावे. ती म्हणाली, "म्हणून तर घाई करायला हवी."

तेव्हा मजकुराच्या बाजूचे छायाचित्र सोबत जोडतो. शेवटची ओळ फारच अशक्त होती, म्हणून छायाचित्र घेण्यापूर्वी तिची किंचित शुश्रूषा केली आहे. पुस्तकांच्या पाठीवरची पुसलेली नावे उजळणे हा माझा नित्याचाच व्यवसाय, हे आपण जाणताच. अनुवाद करून पाठवावा ही नम्र विनंती. उत्तर माझ्या नावे आल्यास आनंद होईल.

आपला आज्ञाधारक,
कनिष्ठ


शनिवार, १५ मार्च

मान्यवर भगिनी,

उत्तर पावले. ते माझ्या नावे नव्हते. पाकिटावर माझ्या मुलीचे नाव पाहून टपालवाल्याने मलाच विचारले, "या बाई कोण?" मी म्हटले, "मालकीणबाई."

फौजदाराने ते जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचले. आपली कलमे मला पाठ झाली आहेत. छायाचित्रावरून काम करणार नाही, मूळ कार्ड पाठव. छायाचित्रात शाई आणि डाग सारखेच दिसतात. दोन्ही बाजू हव्यात, कारण चित्राखालची छापील ओळ, तिकीट आणि शिक्का हाही मजकूरच असतो. कार्ड दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेव, चिकटपट्टी कार्डाला लावू नकोस. अनुवाद कशासाठी हवा ते लिही. न्यायालयात दाखवायचा असेल तर शिक्का मारावा लागतो, नुसता वाचायचा असेल तर शिक्का नको, पण काम त्याच पद्धतीने होईल. मग शेवटी, अधोरेखित: बाबांना सांग, कार्डाला हात लावू नये.

"वन्संनी बरोबर ओळखलंय," फौजदाराची आई म्हणाली. ती कामावर निघाली होती, एक चप्पल घालून थांबली आणि पूर्ण पत्र पुन्हा वाचायला लावले. "माणसाला न भेटता असं ओळखता येतं म्हणजे कमाल आहे."

"भेटली आहे ती मला," मी म्हणालो. "लहानपणी रोज भेटत होती."

"म्हणून तर."

'कशासाठी' या प्रश्नापुढे फौजदाराने 'उत्तर द्यायचे आहे' असे लिहिले. पुठ्ठे तिने स्वतः कापले. तिच्या कापण्याला काटकोनाचे वावडे आहे, तरी मी हस्तक्षेप केला नाही. शेवटच्या ओळीवरील शुश्रूषेचा तपशील आपणास स्वतंत्र चिठ्ठीने कळवावा असे मनात आले होते. पण पाकीट तोवर चिकटवले गेले होते, आणि चिकटवलेले पाकीट उघडणे माझ्या व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही.

कार्ड रवाना झाले आहे.

कनिष्ठ


बुधवार, २ एप्रिल

मान्यवर भगिनी,

अनुवाद पोचला, सोबत कार्डही परत आले. मी तो पाहिला, कारण फौजदाराने तो टेबलावर उघडा ठेवला आणि त्याच्यापासून दूर जाऊन बसली. दस्तऐवजाची प्रत मी माझ्यापुरती उतरवून घेतली आहे:

[चित्राची बाजू: नदीवरील दगडी पूल. छापील ओळ: 'जुना पूल, दक्षिणेकडून'.]
[तिकीट: निघालेले, फक्त डिंकाचा डाग. टपालाचा शिक्का: अर्धा, वर्ष अवाच्य.]
पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नीट लागत नाही. घरमालकीण बरी आहे पण फार बोलते. काम सोमवारपासून. निघताना घाईत तुझा कोट माझ्या अंगावर आला, माझा तुझ्याकडे राहिला असेल. तुझा मला मोठा होतो. बाह्या दुमडतो.
[शेवटची ओळ: मूळ शाई जवळजवळ नाहीशी. तिच्यावर दुसऱ्या हाताने अलीकडच्या काळ्या शाईत रेघा गिरवल्या आहेत. यांतील बरीच चिन्हे या लिपीत नाहीत. अनुवाद करता येत नाही.]
[सही: एक अक्षर.]

सोबत फौजदारासाठी लिहिलेले आपले टिपण सुंदर आहे. मला उद्देशून नसलेल्या मजकुराची स्तुती करण्याचा अधिकार वाचकाला असावा. प्रथम अर्थाकडे न पाहता कार्डावरचे अक्षर अन् अक्षर, ओळीला ओळ ठेवून, मूळ लिपीत उतरवून घेतले. जिथे शंका तिथे चौकटी कंस. वळण जुने, धावते, म्हणून त्या भाषेत जन्मलेल्या सहकारी बाईंना कार्ड दाखवून त्यांचे वाचन वेगळे लिहून घेतले, आपले त्यांना न दाखवता. दोन्ही वाचने नंतर शेजारी ठेवली. जुळली नाहीत त्या जागा पुन्हा तिरक्या उजेडात पाहिल्या, कारण शाई गेली तरी निबाने दाबलेला चर कागदात राहतो. मग कच्चा अनुवाद, मग एक दिवस विश्रांती, मग पक्का. लिहिणारा पुरुष की बाई हे मूळ भाषेत क्रियापदावरून कळत नाही. मराठी एक निवडायला लावते, म्हणून पुरुष धरला आहे, चूक असू शकेल. 'बाह्या दुमडतो' हे वाक्य मुळातही इतकेच आहे, लांबवले नाही. कोट भावाचा की मित्राचा ते कार्डावर नाही, म्हणून इथेही नाही.

आता घरातील परिस्थिती. फौजदाराने विचारले:

"बाबा, दुसरा हात म्हणजे तुझा?"

"मी ती ओळ स्पष्ट केली."

"तुला येते ही भाषा?"

"रेघा येतात. जिथे पुसट दिसल्या तिथे जोडल्या."

"दिसल्या, की तुला वाटल्या?"

मी म्हणालो की दृष्टी आणि मत यांच्या सीमेवर जाणकारांचे एकमत नाही. ती म्हणाली, "आत्याच्या पुस्तकातही तू असंच केलं होतंस. गोष्टीतल्या बाईचं वाक्य आत्याने अर्धं ठेवलं होतं, तू छपाईआधी तपासताना पूर्ण केलंस. आईने सांगितलंय मला."

"मुळात ते अर्धंच होतं हे मला ठाऊक होतं. पण वाचकाला ती छपाईची चूक वाटली असती."

"मग वाटू द्यायची," ती म्हणाली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

म्हणजे आता आमच्या कुटुंबातील माझ्याशी न बोलणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आहे. आपले मौन टपालाच्या अंतरावर असल्याने सुसह्य होते; हे मौन जेवणाच्या टेबलाशी बसते आणि मीठ माझ्याकडे न सरकवता आईमार्फत पोचवते. कागदावरची ताजी शाई उतरवण्याचे काही उपाय मला माहीत आहेत. एकही वापरणार नाही, कारण वरच्यासोबत खालची जाईल. मी हे सांगून टाकावे अशी अपेक्षा नसताना सांगतो आहे, याची नोंद व्हावी.

ती ओळ परत आणण्याचा काही मार्ग असेल तर कळवावा. हवे तर तिलाच कळवावा.

कनिष्ठ


शनिवार, १२ एप्रिल

ताईसाहेब,

आपण तिलाच कळवलेत. तिला आलेल्या पत्रातले तीन प्रश्न मी तिच्या खांद्यावरून वाचले: कार्ड पुस्तकाच्या नेमक्या कोणत्या पानांत होते, मजकुराची बाजू कोणत्या पानाला टेकली होती, आणि त्या पुस्तकाला कधी ओल लागली होती का. खाली कारण. अशा जुन्या शाईत लोह असते. ओल आली की शाई कार्डावरून निघून समोरच्या पानात उतरते, आणि वर्षानुवर्षांनी ते पान तिथे तपकिरी जळते. म्हणजे कार्डावरून जे गेले ते शेजाऱ्याकडे उलटे उतरलेले असू शकते.

पत्र वाचून तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "पुस्तक कुठंय?"

पुस्तक मी विकले होते. मार्चच्या अखेरीस, निवृत्त दंतवैद्यांना, ज्यांना दातांनंतर शिंपल्यांचा नाद लागला आहे. पुस्तकाला ओल लागली होती, कोपरे सुरकुतले होते; विकताना मी ते इस्त्रीखाली सरळ करण्याचा विचारही केला होता. केले नाही. तेवढे एक काम आळसामुळे वाचले.

दंतवैद्यांच्या घरी आम्ही संध्याकाळी गेलो. दार त्यांनीच उघडले.

"पुस्तक परत न्यायला आलात?"

"पाहायला," फौजदार म्हणाली. "एकच पान."

"आणि हे?" माझ्याकडे बोट.

"हे माझे बाबा. हे हात लावणार नाहीत."

त्यांनी आम्हाला खिडकीजवळ बसवले. पान तिला ठाऊक होते, कारण खोडरबर थांबला ते शेवटचे पान तिने लक्षात ठेवले होते. उजव्या पानावर एका गोगलगायीच्या कवचाचे चित्र, आणि समोरच्या कोऱ्या पानावर, माथ्यापासून तळापर्यंत, चहा सांडून वाळल्यासारख्या फिकट रेघा. वरचा भाग नगण्य. तळाची ओळ सर्वांत गडद, कारण ओल तळाकडून आली होती. जी ओळ कार्डावर सर्वांत अशक्त होती ती इथे सर्वांत धडधाकट होती.

दंतवैद्य आत गेले आणि मागचे दात पाहण्याचा त्यांचा छोटा गोल आरसा घेऊन आले. फौजदाराने तो ओळीशेजारी धरला. अक्षरे सुलटी झाली. आम्हा तिघांनाही ती वाचता येत नव्हती, तरी आम्ही बराच वेळ वाचत राहिलो.

मी म्हणालो, पुस्तक अनुवादकांकडे पाठवायला हवे. दंतवैद्य म्हणाले, "टपालाने जाणार नाही. आणि तुमच्या दुकानात तर मुळीच नाही, तुम्ही दुरुस्त करून आणाल." मग फौजदाराकडे वळून: "तुला देतो. पुढच्या रविवारपर्यंत. तुझ्या नावावर."

तेव्हा पुस्तक आमच्या घरी आहे, तिच्या पलंगाखाली, मला प्रवेश नसलेल्या प्रदेशात. आपण छायाचित्रावरून काम करीत नाही, आणि पुस्तक आपल्याकडे येऊ शकत नाही. यातून जो निष्कर्ष निघतो तो मी लिहिणार नाही, कारण पूर्ण करण्याची माझी सवय अलीकडे बदनाम झाली आहे.

गाडी सकाळी येते. पाहुण्यांची खोली आहे. तिथल्या पुस्तकांची खोकी मी हलवली आहेत.

कनिष्ठ


सोमवार, २१ एप्रिल

ताई,

तू सुखरूप पोचलीस हे फौजदाराला आलेल्या निरोपावरून समजले.

त्या दिवसाचा वृत्तांत तुझ्याकडे आहेच, तरी माझ्या बाजूने नोंद असावी. तू आलीस, बॅग ठेवलीस, फौजदाराच्या आईला म्हणालीस, "बारीक झालीस," आणि ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही बसा आधी, बाकीचं सगळं चालूच आहे." मग तू जेवणाचे टेबल उचलून खिडकीकडे नेलेस. मी दुसरी बाजू धरणार होतो; तोवर फौजदाराने ती धरली होती.

काम मी प्रथम दारातून पाहिले. दिवा पानाला जवळजवळ आडवा, म्हणजे कागदाच्या सुरकुत्या आणि जळलेल्या रेघा वेगळ्या पडाव्यात. एक छायाचित्र मोबाईलवर घेऊन ते उलटवलेस, आणि त्यातला फक्त निळा थर ठेवलास. तपकिरी रेघा काळ्या झाल्या आणि पिवळा कागद मागे गेला. मग तू एकेक अक्षर हवेत बोटाने काढत होतीस आणि फौजदार ते कागदावर उतरवत होती. "हे काय अक्षर आहे आत्या?" "माहीत नाही अजून. दिसतंय तसं काढ." "अर्धंच दिसतंय." "मग अर्धंच काढ." हे ऐकताना माझ्या चेहऱ्यावर काही उमटले असल्यास ते दुर्लक्षणीय मानावे.

दुपारी उजेड फिरला तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "दिवा जरा डावीकडे धर."

खोलीत फौजदारही होती, तिची आईही होती. पण दिव्याजवळ तोवर मीच सरकलो होतो. मी दिवा धरला. हात अवघडला तरी धरून ठेवला, आणि संपूर्ण काळात एकही सूचना केली नाही. तुझ्या सहकारी बाईंना फोनवर तू अक्षरे सांगितलीस, अर्थ सांगितला नाहीस, त्यांनी त्यांचे वाचन सांगितले, ते जुळले.

नवी ओळ तू स्वतःच्या हाताने अनुवादाखाली लिहिलीस:

कोट परत पाठवत नाही. न्यायला [एक शब्द अवाच्य] ये.

प्रश्नचिन्ह निघाले नाही. समोरच्या पानावर त्या जागी काहीच नाही; कार्डावर जे दिसत होते तो ओलीचा डाग होता, ज्याला मी शाईने अधिकृत केले.

फौजदार त्या ओळीकडे पाहत बसली. "म्हणजे त्याने काही विचारलंच नव्हतं."

"नाही."

"मग उत्तर द्यायचं नाही?"

"उत्तर त्याला नकोच होतं," तू म्हणालीस. "जायला हवं होतं कुणीतरी."

"गेलं असेल का?"

"कार्डावर नाही ते."

यानंतर तिने त्या कंसावर बोट ठेवले. "इथे काय असेल? लवकर? एकटा?"

"वाचता येत नाही."

"पण तुला अंदाज आहे ना?"

"आहे."

"मग सांग."

"अंदाज कागदावर जात नाही. चहा घेऊन बाल्कनीत चल, तिथे सांगते."

तुम्ही दोघी बाल्कनीत गेलात आणि दार लावून घेतलेत. मी टेबलाशी राहिलो. समोर अनुवाद होता, त्यात कंस होता, कंसाशेजारी तुझे पेन टोपण काढलेले पडले होते. मी टोपण लावले.

रात्री फौजदाराने मीठ स्वतः सरकवले. मी विचारले, "आत्या काय म्हणाली त्या शब्दाबद्दल?" ती म्हणाली, "ते कागदावर नाहीये, बाबा. तुला हवं असेल तर तूच विचार तिला." पुस्तक रविवारी दंतवैद्यांकडे परत गेले. कार्ड आणि अनुवाद तिने एका पाकिटात ठेवले आहेत आणि पाकीट माझ्या दुकानात, माझ्याच टेबलाच्या खणात, चिकटवल्याशिवाय.

तो शब्द मी तुला या पत्रात विचारत नाही. असल्या गोष्टी पत्राने होत नाहीत, असे ऐकतो.

माझी तक्रार वेगळी आहे. जेवणाचे टेबल तू खिडकीकडे नेलेस आणि परत जागेवर ठेवलेस, ते ठीक. पण त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, ती आता नाही. टेबल डुलते. काल आमटी माझ्या बाजूला आली, आजही आली. मी पलंगाखाली, खिडकीत आणि तू बसली होतीस त्या खुर्चीच्या उशीमागे पाहिले. वर्तमानपत्राची घडी घालून पाहिली, ती जाड होते. अर्धी घातली तर बारीक. फौजदार म्हणते, आत्याने नेली असेल. तू नेली असशील तर ती का नेलीस, आणि नेली नसशील तर कुठे ठेवलीस, हे कृपया कळवावे.

कनिष्ठ